हक्कसोड आणि कैऱ्यांची गोणी : एका लघुपटाच्या संवादांचं प्रकरण

पार्श्वभूमी

पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या एका गावात चित्रित झालेल्या, जेमतेम तेरा मिनिटांच्या एका लघुपटाची ही हकीकत. लेखिका, दिग्दर्शक आणि संकलक तिघंही जळगाव-धुळ्याकडचे, नोकऱ्या सांभाळून सिनेमा करणारे. पटकथा तयार झाल्यावर संवादांसाठी मी त्यांच्यासोबत बसलो. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत. संवाद मात्र जसे लिहिले गेले तसेच देतो, कारण सगळा मामला त्यांचाच आहे.

गोष्ट साधी आहे. सुमन लग्न होऊन सुरतेला, उधन्याला राहते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येते. वडील, म्हणजे आबा, मागच्या पावसाळ्यात गेले, त्यामुळे यंदा त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. आबांनंतर वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर दादाच्या नावासोबत सुमनचंही नाव लागलं. आता पीककर्जाच्या कागदांवर दरवेळी बहिणीची सही लागणार. दादाला हक्कसोडपत्र करून हवं आहे, म्हणजे बहिणीनं आपला वाटा सोडल्याचा दस्त, जो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावा लागतो. त्यासाठी तिला तिथं प्रत्यक्ष न्यावं लागेल. पण आखाजीच्या निमंत्रणात त्यानं हे सांगितलेलं नाही.

दादा लबाड नाही. तो सालदाराचा हिशोब करतोय, कपाशीच्या बियाण्याची तजवीज करतोय आणि बहिणीसमोर हा विषय काढायची त्याला लाज वाटते. सुमनलाही जमीन कसायची नाही. तिला वेगळीच भीती आहे. एकदा सही झाली की या घरात आपलं काय उरलं? पुढच्या आखाजीला माहेरचं बोलावणं येईल का? आपल्याकडे हजारो बहिणींनी अशी सही केली आहे आणि त्यांतल्या बहुतेकींनी हा प्रश्न कधी तोंडानं विचारलेला नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला, पण तो हक्क बोलून दाखवायची रीत काही घरात आली नाही. लेखिकेला नेमकं हेच दाखवायचं होतं.

अडचण

पहिल्या खर्ड्यात शेवटचा प्रसंग असा होता. ओट्यावर दोघं भावंडं, मधे कागदांची फाइल.

> सुमन : दादा, मला जमीन नको रे. मला फक्त माझं माहेर हवंय.
>
> दादा : मला माफ कर सुमन. तू नाही म्हणशील अशी भीती वाटत होती मला.
>
> सुमन : एकदा विचारलं असतंस, तर हसत सही केली असती मी.

वाचनाला जमलेल्यांपैकी दोघा-तिघांचे डोळे ओले झाले. म्हणून ही वाक्यं काढायची म्हटल्यावर आधी कुणाच्या पचनी पडेना. माझं म्हणणं असं होतं की रडू आलं ते परिस्थितीमुळे, वाक्यांमुळे नाही. वाक्यं उलट परिस्थितीची सुट्टी करून टाकतात. ‘मला माहेर हवंय’ हे एकदा उच्चारलं की प्रेक्षकाला शोधायला काही राहत नाही आणि नटाला करायलाही काही राहत नाही. तो फक्त त्या वाक्याला साजेसा चेहरा करू शकतो.

त्याहून मोठी गोम वेगळी होती. असं बोलता येणाऱ्या भावंडांची ही गोष्टच घडली नसती. दादाला ‘मला भीती वाटत होती’ असं म्हणता येत असतं, तर त्यानं ते फोनवरच म्हटलं असतं आणि सुमन दुपारच्या गाडीनं येऊन सही करून गेली असती. बोलता न येणं हाच या गोष्टीचा कणा आहे. शेवटच्या मिनिटात दोघांना अचानक वाचा फुटते, तेव्हा आधीची बारा मिनिटं खोटी ठरतात.

हे दिग्दर्शकाला पटलं. लेखिकेला निम्मं पटलं. तिचा प्रश्न रास्त होता : मनातलं बोलायचं नाही, तर गावातल्या माणसाला ते कळणार कसं?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तेच वाक्य ठेवून बाकीचे संवाद कमी करायचे. म्हणजे एकच घाव, पण नेमका. संकलकाचा कल याकडे होता. यात अडचण अशी की आजूबाजूला जितकी शांतता जास्त, तितकं ते एक वाक्य जास्त जाहीर वाटतं.

दुसरा पर्याय गाण्याचा. आखाजीला गौराईची गाणी असतात, झोक्यावर बसून माहेराची, भावाची गाणी म्हणतात. ती पार्श्वभूमीला घातली की भावना गाण्यातून पोहोचेल आणि पात्रं गप्प राहू शकतील. ऐकायला हे फार गोड वाटतं. पण पात्राच्या तोंडचं वाक्य काढून तेच गाण्याच्या तोंडी दिलं, तर काय बदललं? सांगणारा फक्त बदलला. झोका दूरवर दिसू द्यायचा, गाणी वाऱ्यावर येतील तेवढी येऊ द्यायची, पण शेवटच्या प्रसंगावर एकही ओळ पडू द्यायची नाही, असं ठरलं.

तिसरा पर्याय म्हणजे सरळ काहीच न बोलणं. हा लेखिकेनं खरोखर करून पाहिला. दुसऱ्या खर्ड्यात दोघं भावंडं ओट्यावर बसतात, ‘बरं आहे ना?’, ‘हो’, ‘ऊन फार आहे’, ‘हो’ असं बोलतात आणि बाकी सगळे ठिपके. शिवाय प्रत्येक ओळीमागे कंसात सूचना : ‘मनात कालवाकालव’, ‘अपराधी भावनेनं’, ‘डोळ्यांत माहेर दाटून’. संवादातून काढलेलं सगळं कंसात जाऊन बसलं होतं. कंस प्रेक्षकाला ऐकू येत नाही आणि नट तो वाचून नेमका चेहराच करतो.

हा खर्डा आम्ही गोष्ट माहीत नसलेल्या एका मैत्रिणीला ऐकवला, कंस वगळून. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, ‘यांचं भांडण झालंय का?’ तिला काहीच कळलं नव्हतं. ही अवस्था पहिल्या खर्ड्यापेक्षा वाईट, कारण इथे लेखकाला वाटत राहतं की आपण फार सूक्ष्म लिहिलं आहे.

चौथा पर्याय शेवटी घेतला. पात्रं भरपूर बोलतील, पण दुसऱ्याच गोष्टीबद्दल. आणि ती दुसरी गोष्ट अशी निवडायची की तिच्याबद्दलचं प्रत्येक वाक्य आपोआप पहिल्या गोष्टीला जाऊन लागेल.

काय केलं

*आधी माहिती, मग मौन*

मैत्रिणीला काही कळलं नाही, याचं कारण मौन नव्हतं. तिला परिस्थितीच माहीत नव्हती. भावना झाकायच्या, पण व्यवहार उघडा ठेवायचा, हे आम्ही इथं पक्कं केलं. कोणता कागद, कुणाची सही, कोणता वार हे प्रेक्षकाला स्वच्छ कळलं पाहिजे. ते अशा माणसाच्या तोंडून कळावं की ज्याच्याशी बोलताना लपवायचं काही कारण नाही.

म्हणून पहिलाच प्रसंग दादाच्या फोनचा केला. पलीकडे तालुक्याचा दस्तलेखक आहे.

> दादा : हा भाऊसाहेब. हक्कसोडचा कागद तयार ठेवा. सोमवारी आणतो तिला… आधार आहे, झेरॉक्स आहे. फोटो लागतील का?… नाही, अजून बोललो नाही. बोलतो.

मोजक्या वाक्यांत सगळा व्यवहार आला आणि ‘अजून बोललो नाही’ यामुळे पुढच्या बारा मिनिटांचा ताणही आला. यात भावनेचा एकही शब्द नाही.

सुमनला हे कसं कळतं, हा पुढचा प्रश्न. पहिल्या खर्ड्यात वहिनी तिला सांगून टाकते. त्याऐवजी आता असं केलं. महिन्याभरापूर्वी वहिनीनं गॅसच्या कामासाठी म्हणून तिच्या आधार कार्डाचा फोटो मागवला होता. सुरुवातीच्या एका ओळीत सुमन तो उल्लेख करते, ‘वहिनी, गॅसचं काम झालं का?’ वहिनी म्हणते, ‘झालं ना.’ मग घागरीसाठी पाट काढताना सुमनला फळीवरची प्लॅस्टिकची फाइल दिसते आणि आत स्वतःच्याच आधार कार्डाची झेरॉक्स. ती फाइल होती तिथं ठेवते आणि पाट घेऊन बाहेर येते. आता प्रेक्षकाला माहीत आहे की तिला माहीत आहे. दादाला हे माहीत नाही. यापुढे ती काहीही बोलली, अगदी आंब्याबद्दल बोलली, तरी प्रेक्षक कान टवकारून ऐकणार.

*दोन रकान्यांचा कागद*

लेखिकेला मी प्रसंगाचे संवाद लिहायच्या आधी एक कागद करायला सांगितला. डावीकडे पात्राला मनातलं मोकळेपणानं बोलता आलं असतं तर काय बोललं असतं ते. उजवीकडे ते प्रत्यक्षात काय बोलतं ते. डावा रकाना पटकथेत कधीच जात नाही, पण तो लिहिल्याशिवाय उजवा लिहायचा नाही. पहिल्या खर्ड्यातली ती रडवणारी वाक्यं अशी वाया गेली नाहीत. ती डाव्या रकान्यात मानानं बसली, आणि लेखिकेची त्यांच्याशी ताटातूट सोपी झाली.

मग प्रत्येक उजव्या ओळीपुढे एक क्रियापद लिहायचं : या ओळीनं पात्र समोरच्याला काय करतंय? चाचपतंय, टाळतंय, मनवतंय, डिवचतंय. ‘दुःखी आहे’ हे क्रियापद होत नाही, ते चालणार नाही. ज्या ओळीला क्रियापदच सापडत नाही ती ओळ बहुधा प्रेक्षकाला उद्देशून असते आणि ती काढावी लागते.

*दुसरी गोष्ट कोणती?*

आधी झोका घेऊन पाहिला. सुमन झोक्यावर बसते, दादा दोर तपासतो, ‘दोर जुना झाला’ वगैरे. हे सगळ्यांना आवडलं आणि म्हणूनच मला त्याचा संशय आला. झोका दिसला की माहेर आठवतं, त्यामुळे तो प्रसंग मी प्रतीक आहे म्हणून ओरडत होता. शिवाय त्या वेळी दोघांचंही झोक्याशी खरं काम नव्हतं. बोलणं ज्या वस्तूवर टेकवायचं, त्या वस्तूचं पात्राला खरंखुरं काम असावं लागतं.

बांधावरचा आंबा असा सापडला. आबांनी लावलेलं झाड, लवकर येणारं. आखाजीला त्याच्या कैऱ्या पाडाला आलेल्या असतात, अढीत घातल्या की आठवड्यात पिकतात. बहीण निघताना भाऊ गोणी भरून देतो, हे घरोघरी होतं. इथं दादा नेहमीपेक्षा जास्त भरतोय. त्याला स्वतःलाही कळत नसेल, पण तो मोबदला देतोय. गोणी जितकी भरत जाते तितकं सुमनला टोचत जातं. प्रश्न आंब्यांच्या वाट्याचा आणि जमिनीच्या वाट्याचा एकाच वेळी होतो आणि कुणाला काही सुचवावं लागत नाही.

*बोली कुठे, प्रमाण कुठे*

पहिला खर्डा पूर्ण प्रमाण मराठीत होता. दिग्दर्शकाला वाटत होतं की अहिराणी ठेवली तर पुण्या-मुंबईत कळणार नाही. मला वाटत होतं की ही भावंडं घरात अहिराणीतच बोलणार, त्याशिवाय ओटा खरा वाटणार नाही. या वादातून जे निघालं त्याचा मला आजही आनंद आहे. दोघं अहिराणीत बोलतात, आणि दादाला जिथं लाज वाटते तिथं तो नकळत प्रमाण मराठीत शिरतो. दस्तलेखकाशी, बँकेत, तलाठ्याशी तो ज्या भाषेत बोलतो ती भाषा बहिणीशी बोलताना तोंडात येते. खानदेशातल्या माणसानं हा बदल घरात शेकडो वेळा ऐकलेला असतो. त्यासाठी एकही जादा शब्द लिहावा लागला नाही.

*अंतिम प्रसंग*

> (ओटा. दादा गोणीत कैऱ्या भरतोय. सुमन दारातून येते.)
>
> सुमन : इतला आंबा कोन खाई?
>
> दादा : पोरेस्ले लई जाय. अढी घाल. आठ दिनमा पिकतीन.
>
> सुमन : तीन तं जन आम्ही.
>
> दादा : लई जाय. पुढला साल ऱ्हाई का नई…
>
> सुमन : काबर? झाडले काय व्हयनं?
>
> (दादा गोणीचं तोंड आवळतो.)
>
> दादा : काही नाही. जुनं झालंय आता.
>
> सुमन : आबानी लायेल शे.
>
> दादा : हो. माहीत आहे मला.
>
> (सुमन खाली बसते. सुतळी सोडते. कैऱ्या काढून ओट्यावर मांडायला लागते.)
>
> दादा : काय करतेस?
>
> सुमन : अर्ध्या आठेच ऱ्हाऊ दे. पिकनात का ईसू मी.
>
> (दादा काही बोलत नाही. सुमन कैऱ्या मांडत राहते.)
>
> सुमन : सोमवारे कितला वाजता जानं शे?
>
> (दादाचा हात गोणीवर थांबतो.)
>
> दादा : दहा.
>
> (थोड्या वेळानं.)
>
> दादा : नऊले निंघू. मंग ऊन लागस तुले.

‘झाडले काय व्हयनं?’ या ओळीपुढे लेखिकेनं क्रियापद लिहिलं होतं : संधी देते. सुमनला सगळं माहीत आहे, ती दादाला स्वतःहून बोलायची वाट करून देतेय. तो ती वाट घेत नाही, आणि त्याच क्षणी त्याची भाषा बदलते. ‘आबानी लायेल शे’ ही दुसरी संधी. तीही हुकते. दोन संधी हुकल्यावर ती बोलणं सोडते आणि हात चालवते. अर्ध्या कैऱ्या इथंच ठेवणं म्हणजे पुन्हा येण्याची तजवीज. ती परवानगी मागत नाही, ‘येऊ ना?’ असं विचारत नाही. विचारलं असतं तर नकाराची शक्यता मान्य केल्यासारखं झालं असतं.

सोमवारची ओळ हा प्रसंगाचा कलाटणीबिंदू. सही देईन, मला माहीत आहे, तू सांगितलं नाहीस हेही मला माहीत आहे, हे तिन्ही त्यात आहे आणि वरवर तो फक्त वेळेचा प्रश्न आहे. ही ओळ आधी ‘सोमवारी सहीला किती वाजता जायचंय?’ अशी होती. ‘सही’ हा एक शब्द काढल्यावर दादाला उत्तर द्यायला कोपरा उरला. तो शब्द असता तर त्याला माफी तरी मागावी लागली असती, नाहीतर बचाव तरी करावा लागला असता.

शेवटच्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘दहा’ हे कार्यालयीन उत्तर आहे. ‘नऊले निंघू’ म्हणताना तो अहिराणीत परततो. वैशाखातल्या उन्हाची काळजी यापलीकडे त्यात एक शब्द नाही. लेखिकेनं इथं ‘बहीण’ हा शब्द घालून पाहिला, ‘सुमन’ अशी हाक घालून पाहिली. दोन्ही वेळा ओळ जड झाली. ‘तुले’ पुरेसं होतं.

*ओळ तपासायची कशी*

नक्की करण्याआधी आम्ही दोन्ही नटांना हा प्रसंग उलट हेतूनं म्हणायला लावला. सुमन चिडलेली आहे आणि दादाला अडकवतेय, असं धरून. ओळी तरीही चालल्या. मग सुमन मनापासून मोकळी आहे असं धरून. तेव्हाही चालल्या. पहिल्या खर्ड्यातलं ‘मला माहेर हवंय’ असं फिरवून म्हणता येत नाही, ते एकाच सुरात निघतं. ओळ दोन-तीन हेतूंनी म्हणता येत असेल, तर नटाला निवड करता येते, आणि त्यानं निवड केली की प्रेक्षकाला ती ऐकू येते.

*वहिनीचा पेला*

एक छोटी जागा सांगतोच. सुमन आल्या आल्या माठाकडे जाते आणि वहिनी म्हणते, ‘तुम्ही बसा ना ताई, मी आणते.’ पाणी पाहुण्यांच्या काचेच्या पेल्यातून येतं, ट्रेमध्ये. सुमन म्हणते, ‘आपला पितळी पेला कुठेय?’ वहिनी म्हणते, ‘माळ्यावर.’ एवढंच. ही लेखिकेची स्वतःची भर होती आणि मला ती संपूर्ण पटकथेतली सगळ्यात चांगली जागा वाटते. वहिनी पूर्ण आदरानं बोलतेय, तिचं काहीच चुकलेलं नाही, आणि त्या आदरानंच सुमन पाहुणी होते.

चित्रीकरणातला निर्णय

शेवटच्या प्रसंगाच्या एका टेकला दादा झालेल्या नटानं ‘नऊले निंघू’ नंतर स्वतःहून ‘माफ कर’ म्हटलं. डोळे भरून आले होते, आवाज खरा होता. कट म्हटल्यावर सगळं युनिट गप्प. दिग्दर्शकानं मला विचारलं, ठेवायचं का?

नटाला तो क्षण खरोखर लागला होता, यात शंका नाही. पण ते बोलून नट मोकळा झाला. दादाला मोकळं व्हायला मिळत नाही, हे या माणसाचं प्राक्तन आहे. दिग्दर्शकानं नटाला असं सांगितलं की ते दोन शब्द तोंडापर्यंत येऊ दे आणि मग सुतळीची गाठ मार. पुढच्या टेकला त्यानं तसंच केलं. गाठ बसेना, त्यानं ती दोनदा मारली. चित्रपटात तोच टेक आहे. संकलनाच्या टेबलावर आम्ही दोन्ही शेजारी लावून पाहिले. ‘माफ कर’वाल्या टेकमध्ये पाहणाऱ्याची नजर दादाच्या चेहऱ्यावर खिळते, दुसऱ्यामध्ये ती आपोआप सुमनकडे जाते, कारण तिनं ते न बोललेलं ऐकलं का, हे बघायचं असतं.

संकलनात आणखी एक मोह होता. प्रत्येक उत्तराआधी लांब थांबा ठेवायचा. सुरुवातीच्या जोडणीत तसं केलं आणि संवाद एकदम अर्थपूर्ण असल्याचा आव आणू लागले. मग पहिल्या चार-पाच ओळी एकमेकींना चिकटवल्या, घरातल्यासारख्या. थांबा फक्त ‘दहा’ आणि ‘नऊले’ यांच्यामध्ये ठेवला.

परिणाम

चित्रीकरण झालेल्या गावात देवळासमोर पडदा लावून चित्रपट दाखवला. आधार कार्डाची झेरॉक्स दिसताच बायकांमध्ये कुजबुज झाली. खेळ संपल्यावर चर्चा चित्रपटावर झालीच नाही, सुमननं सही करावी की नाही यावर झाली. एका आजींचं ठाम मत होतं की करू नये. दोन-तीन पुरुष दादाची बाजू मांडत होते, कर्जाच्या कागदांचा ताप सांगत होते. पात्रांनी स्वतःची बाजू पडद्यावर एकदाही मांडलेली नव्हती. ती प्रेक्षकांनी मांडली. लेखिकेच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिला तिथं मिळालं असावं.

पुण्यातल्या एका छोट्या खेळाला चित्र निराळं होतं. काही जणांना वाटलं की दादा आंब्याचं झाड तोडायला किंवा विकायला निघाला आहे. फोनचा प्रसंग त्यांच्या कानांवरून गेला होता. त्या प्रसंगात मागे पिठाच्या गिरणीचा आवाज आहे, आणि ‘हक्कसोड’ हा शब्द नेमका त्याखाली दबतो. खानदेशातल्या प्रेक्षकाला अर्धा शब्दही पुरला. ज्यांच्या घरात जमिनीचा विषय कधी निघालेला नाही, त्यांना पुरला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पुण्यातला गोंधळ पाहून दिग्दर्शकाला वाटलं की शेवटच्या प्रसंगात दादाच्या तोंडी एखादं स्पष्ट वाक्य हवं होतं. मला हे पटत नाही. गोंधळ पहिल्या मिनिटात झाला, दुरुस्ती तिथंच हवी. गिरणीचा आवाज खाली घेता आला असता. फाइलमध्ये झेरॉक्सच्या जोडीला ‘हक्कसोडपत्र’ असं ठळक मथळ्याचं पान दिसलं असतं, तर वाचूनही कळलं असतं. शेवटची ओळ उघडी करण्यापेक्षा सुरुवातीचा कागद उघडा करणं स्वस्त पडतं.

वहिनीच्या एका ओळीवर आमचे मतभेद अजून आहेत. घागर भरून झाल्यावर ती सुमनला विचारते, ‘ताई, तुम्हाला वाईट वाटलं का?’ दिग्दर्शकानं ही ओळ मुद्दाम ठेवली, कारण वहिनीलाही अपराधी वाटतंय हे दिसावं असं त्याला वाटत होतं. पण पेल्याच्या प्रसंगातल्या वहिनीला ही ओळ शोभत नाही. तिला काही करायला द्यायला हवं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सुमनला पाणी पितळी पेल्यातून मिळालं असतं, तरी चाललं असतं, मात्र त्या वेळी पेल्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

इंग्रजी उपशीर्षकं करताना भाषाबदल पूर्ण हरवला. अहिराणी आणि प्रमाण मराठी, दोन्हींचं इंग्रजी सारखंच दिसतं. संकलकानं अहिराणी ओळी तिरप्या अक्षरांत दिल्या, पण प्रेक्षक तिरप्या अक्षरांचा अर्थ लावायला थांबत नाही. लेखिकेनं नंतर सुचवलेला उपाय मला जास्त बरा वाटतो : अहिराणी ओळींचं इंग्रजी तुटक आणि घरगुती ठेवायचं, आणि दादाच्या प्रमाण मराठी ओळींचं इंग्रजी अर्जातल्यासारखं पूर्ण वाक्यांचं करायचं. ‘जुनं झालंय आता’ तिथं जरा ताठर वाटेल, तसं ते वाटायलाच हवं. पुढच्या महोत्सवाच्या प्रतीसाठी ती उपशीर्षकं याच पद्धतीनं नव्यानं लिहिते आहे, आणि फोनच्या प्रसंगाचं ध्वनिमिश्रणही त्याच वेळी पुन्हा होणार आहे.